अकादमीची फी ठरते पावसाळ्यात

क्रिकेटची अकादमी सुरू करणारा पहिला हिशोब करतो तो साधारण ऑक्टोबर महिन्याचा. मैदान कोरडं, पालक उत्साहात, चाळीस मुलं. कच्चा अंदाज म्हणून मध्यम शहरातली एक अकादमी घेऊ. शाळेच्या मैदानाचं संध्याकाळचं भाडं १५,०००, मुख्य प्रशिक्षक २५,०००, मदतनीस १२,०००, मैदान राखणारा माणूस ६,०००, चेंडू ७,२००, वीज-पाणी-प्रथमोपचार २,८००. बेरीज ६८,००० रुपये. चाळीसांनी भागलं की डोई १,७०० येतात आणि तीच फी फलकावर लागते. इथेच घोळ होतो.

जून ते सप्टेंबर खेळ जवळजवळ बंद. मुलं येत नाहीत, पण मैदान सोडलं तर ते दुसरा घेतो आणि चांगला प्रशिक्षक चार महिने बिनपगारी थांबत नाही. मदतनिसाला सुट्टी दिली तरी भाडं, मुख्य प्रशिक्षक आणि मैदान राखणारा मिळून महिना ४६,००० जातात, म्हणजे चार महिन्यांचे १,८४,०००. ते खेळाच्या आठ महिन्यांत वसूल करायचे तर दरमहा २३,००० वाढतात. जाळ्या, मॅटिंग, पॅड, हेल्मेट यांना सुरुवातीला १,२०,००० लागले आणि ते तीन वर्षं टिकले असं धरलं, तर त्याचे महिन्याला आणखी ५,०००. खर्च झाला ९६,०००; फी २,४००.

तरीही हिशोब अपुराच. पटावर चाळीस असले तरी फी चाळीस जणांची येत नाही. दहावीचं वर्ष, मार्चची परीक्षा, भावंडांची सवलत, एखाद्या होतकरू मुलाला माफी. सरासरी बत्तीस धरा. मग फी ३,००० होते, म्हणजे फलकावरच्या आकड्याच्या जवळजवळ पावणेदोनपट.

आकडा मोठा वाटला की पहिली कात्री चेंडूंना लागते. दोन जाळ्यांना आठवड्याला सहा चेंडू, तीनशे रुपयांचा एक. सरावातला जुना चेंडू हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवून बघा. शिवण सपाट झाली असेल, तर त्या चेंडूवर मुलगा सीम गोलंदाजी शिकूच शकत नाही. माझ्या मते इथे काटकसर करू नये. काटकसर करायची तर भाड्यात करा: शाळेशी करार करतानाच पावसाळ्याचं भाडं निम्मं लिहून घ्या. त्याने वर्षाला ३०,००० वाचतात. पावसाळ्यात सभागृहात व्यायाम आणि क्षेत्ररक्षणाचे वर्ग निम्म्या फीत चालवले, तर मुलंही टिकतात.

फी महिन्याला नव्हे, ऑक्टोबर ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते मे अशी दोन हप्त्यांत आगाऊ घ्या. मार्चची गळती त्यामुळे बरीच आवरते. उन्हाळी शिबिराची गर्दी मात्र या हिशोबात धरू नका. ते पैसे पुढच्या जाळ्या आणि मॅटिंगसाठी बाजूला ठेवा.