तासातून एकदा जागा होणारा हवामान-फलक

किंडलवरचं पान नुसतं दिसत राहायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना. ई-पेपरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विद्युतदाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. दाब काढून घेतला तरी कण जिथल्या तिथे राहतात. पडदा स्वतः प्रकाश देत नाही, त्यामुळे तो अंधारात वाचता येत नाही आणि भर उजेडात मात्र छापील कागदासारखा स्पष्ट दिसतो.

आजचं कमाल तापमान, पावसाची शक्यता, खोलीतली आर्द्रता या गोष्टी सेकंदासेकंदाला बदलत नाहीत. म्हणूनच हवामान-फलकासाठी ई-पेपरसारखा दुसरा पडदा नाही. साहित्यही मोजकंच लागतं: साडेसात इंची पडदा, वाय-फाय असलेला ईएसपी-३२ जातीचा छोटा बोर्ड, तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर आणि २००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. अंदाज ओपन-मेटिओसारख्या मोफत सेवेकडून मिळतो. पुण्याचा हवा असेल तर शहराचे अक्षांश-रेखांश दिले की काम झालं.

बॅटरी किती दिवस पुरेल? बोर्ड जागा होतो, वाय-फायला जोडला जातो, अंदाज उतरवून घेतो, पडदा रंगवतो आणि झोपतो. या फेरीला २० सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरले, तर खर्च अर्ध्या मिलिअँपिअर-तासाहून किंचित जास्त येतो. तासाला एक फेरी म्हणजे दिवसाला १३ ते १४. झोपेतला खर्च नीट आवरला तर दिवसभरात अर्धा मिलिअँपिअर-तास पुरतो. या हिशेबाने बॅटरी साडेचार महिने चालायला हवी. प्रत्यक्षात ती पूर्ण रिकामी करता येत नाही, म्हणून चार महिने धरावेत. रात्री अकरा ते पाच फलक झोपू दिला तर पाव खर्च आणखी वाचतो.

तरीही अनेकांची बॅटरी पंधरवड्यातच संपते आणि दोष पडद्याला दिला जातो. खरा चोर बहुतेक वेळा बोर्डच असतो. बाजारातल्या सर्वसाधारण बोर्डावर यूएसबीची चिप आणि सतत जळणारा बारीक दिवा असतो. मुख्य चिप झोपली तरी हे दोघं जागे राहतात. ते ५ मिलिअँपिअर घेत असतील तर दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास नुसत्या झोपेत जातात. ओळखायचं कसं? बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडून फलक झोपलेला असताना प्रवाह मोजायचा. बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला बोर्ड आधीच घेतला तर हा त्रास उरत नाही. दुसरी गळती राउटर बंद असताना होते. जोडणी मिळेना म्हणून बोर्ड मिनिटन् मिनिटं धडपडत राहतो. १५ सेकंदांत वाय-फाय सापडलं नाही तर झोपायचं, असं त्याला बजावून ठेवावं लागतं.

चित्र रंगवून झालं की पडद्यालाही झोपेची आज्ञा द्यायची. नाहीतर त्यावर दाब राहतो आणि पडदा कायमचा खराब होऊ शकतो. फक्त एखादा आकडा बदलायचा असेल तर काही पडद्यांवर तेवढाच भाग झटकन रंगवता येतो, पण वारंवार तसं केल्यास जुन्या आकड्यांच्या पुसट सावल्या साचतात. दिवसातून एकदा तरी सगळा पडदा काळा-पांढरा लुकलुकवून नव्याने रंगवला की त्या जातात.

मराठी अक्षरांची अडचण वेगळी आहे. छोट्या बोर्डांसाठीची चित्रण-साधनं साधारणपणे अक्षरामागून अक्षर मांडतात. मग ‘रविवार’मधली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि ‘आर्द्रता’ तुटून जाते. यावर चांगला उपाय म्हणजे पूर्ण चित्रच घरातल्या दुसऱ्या संगणकावर तयार करायचं. खोलीचे आकडे बोर्डाने त्याला कळवायचे आणि तयार चित्र उतरवून घ्यायचं. ८०० गुणिले ४८० ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र अवघ्या ४८,००० बाइटचं असतं. जोडाक्षरं सुबक येतात आणि मांडणी बदलायला फलक भिंतीवरून काढावा लागत नाही.

या पडद्याचा गुण एका ठिकाणी उलटतो. बॅटरी संपली, राउटर बंद पडला, तरी कालचं ‘आज कोरडं हवामान’ ताज्या बातमीसारखं झळकत राहतं. मोबाइलचा पडदा काळा पडून आपलं मरण सांगतो, हा सांगत नाही. म्हणून कोपऱ्यात शेवटच्या नोंदीची वेळ ठळक हवीच, आणि अंदाज मिळाला नाही तर ती वेळ मुळीच बदलू नये. बॅटरीचा दाब प्रत्येक फेरीत मोजायचा. तो ३.४ व्होल्टच्या आसपास उतरला की उरलेल्या विजेत सगळा अंदाज पुसून ‘बॅटरी चार्ज करा’ एवढंच रंगवायचं आणि पुन्हा जागं व्हायचं नाही. ती सूचना बॅटरी संपल्यावरही पडद्यावर राहते.