ओंडक्याचं माप: घेराचा चौथा भाग

सागाच्या ओंडक्यात लाकूड किती, हे आगारात फीत आणि साध्या गुणाकाराने ठरतं. ओंडक्याच्या मधोमध फीत गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढून वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं.

समजा, ओंडका ४ मीटर लांब आहे आणि मधला घेर १.२० मीटर. चौथा भाग ०.३०, त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ४ म्हणजे ०.३६ घनमीटर, साधारण १२.७ घनफूट.

ओंडका पूर्ण गोल धरून हिशेब केला, तर उत्तर ०.४६ घनमीटरच्या आसपास येतं. म्हणजे या रीतीत सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड कमी धरलं जातं. ओंडका चिरताना कडेच्या फळ्या आणि भुसा वाया जातो, त्याची ही ढोबळ सूट. १७३६ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड हॉपस यांनी याच रीतीची कोष्टकं छापली.

खरी चूक होते ती घेर घेताना. घेराचा वर्ग होत असल्याने घेर पाच टक्क्यांनी वाढला की घनफळ दहा टक्क्यांनी फुगतं. वरच्या ओंडक्यात १.२० ऐवजी १.२६ भरलं, तर ०.३६ चं जवळपास ०.४० होतं. म्हणून फीत तिरकी किंवा सैल नको आणि गाठीवरून तर नकोच. मध्यावरच गाठ असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर घेर घेऊन सरासरी धरावी. साल काढून मोजलं की सालीसह, हेही खरेदीआधी विचारून घ्यावं.