पाच रेघांत मावणारं चित्र

मराठीच्या सरावपत्रिकेचा फोटो मोबाइलवर येतो. वर चित्र, खाली पाच रेघा आणि त्याखाली एक अर्धवट गोष्ट. लिहायला बसण्याआधी फोटो मोठा करून त्याच्या कडा बघाव्यात. कोपरा कापला गेला असेल तर सूचना किंवा गोष्टीची पहिली ओळच हरवते आणि उत्तर भलतीकडे जातं.

लहान मुलांच्या अक्षरात एका रेघेवर पाच-सहा शब्द मावतात. म्हणजे पाच रेघांत जेमतेम पाच छोटी वाक्यं. चित्र बाजाराचं असेल, तर ‘बाजार छान आहे, मला बाजार आवडतो’ यात एक अख्खी रेघ जाते आणि चित्रातलं काहीच येत नाही. आधी ठिकाण, मग माणसं आणि त्यांची कामं लिहावीत: ‘हे आठवडी बाजाराचे चित्र आहे. एक बाई भाजी विकत आहे. आजोबा टोमॅटो निवडत आहेत. मागे एक मुलगा फुगा घेऊन उभा आहे.’ एवढं झालं तरी एखादी रेघ उरते.

गोष्टीत काळ सांभाळावा लागतो. ‘राजूला वाटेत पाकीट सापडले’ अशी सुरुवात असताना पुढे ‘तो घरी जातो’ आलं की गोष्ट तुटते. शेवटच्या दोन रेघा शेवटासाठी आधीच राखून ठेवाव्यात, नाहीतर पाकिटाचा मालक भेटण्याआधीच जागा संपते.

पालकांनो, वाक्यं सांगू नका. ‘चित्रात कोण काय करतंय?’ एवढंच विचारा आणि मुलाला लिहू द्या.