सब्जा : भिजवावा कसा, प्यावा किती आणि कोणी जपून

गेल्या एप्रिल महिन्यात मिरवणुकीच्या दिवशी आम्ही वस्तीच्या तोंडाशी लिंबू सरबताचे पिंप मांडले होते. ऊन कडक होते. सरबत अधिक थंडावा देईल या विचाराने आम्ही ऐनवेळी बाजारातून सब्जा आणला आणि साखर, लिंबू, बर्फ घातलेल्या पिंपात कोरडाच ओतला. थोड्याच वेळात त्याचे गोळे झाले, काही वर तरंगले, काही तळाशी बसून तोटी तुंबली. एका लहान मुलाला ठसका लागला तो बराच वेळ थांबेना. एक गृहस्थ म्हणाले, "मला सब्जाने गॅस होतो." शेवटी आमच्यातल्याच एका गरोदर भगिनीच्या हातात ग्लास गेला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पी गं, थंड असतो," आणि दुसऱ्या म्हणाल्या, "ठेव तो खाली, या दिवसांत सब्जा चालत नाही." ती बिचारी ग्लास हातात धरून उभी राहिली आणि आमच्यापैकी कोणालाही तिला नीट उत्तर देता आले नाही. त्या दिवशीच्या या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे मांडत आहोत.

सब्जा म्हणजे काय?

सब्जा हे तुळशीच्या कुळातील एका सुवासिक झाडाचे बी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम. आपल्या अंगणातील पूजेची तुळस निराळी, ती या झाडाची बहीण म्हणता येईल. गुजराती दुकानदार याच बियांना तकमरिया म्हणतात. हल्ली चिया नावाचे परदेशी बीही दुकानात शेजारीच ठेवलेले असते. दोन्हींत गल्लत करू नये. सब्जा एकसारखा काळाभोर असतो, तर चिया करड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा असतो. पाण्यात टाकल्यावर सब्जा काही मिनिटांतच फुगू लागतो, चियाला अधिक वेळ लागतो.

या बीच्या सालीत पाणी ओढून घेणारा एक चिकट पदार्थ कोरड्या स्वरूपात भरलेला असतो. पाणी लागताच तो फुलतो आणि बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत कवच तयार होते. मध्ये काळा ठिपका आणि भोवती पांढुरका-निळसर गोळा असे जे दिसते ते हेच. बी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. सब्जाचे गुण आणि त्याचे त्रास या एकाच गोष्टीतून निघतात. हे पाणी त्याने भांड्यात प्यायले तर ठीक, तेच घशात किंवा आतड्यात प्यायला लागला तर त्रास.

भिजवण्याची रीत

आमची पहिली चूक म्हणजे सब्जा ढिगाने ओतला. ढिगातील बाहेरचे दाणे आधी फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांची भिंत तयार होते. मग आतल्या दाण्यांपर्यंत पाणी पोहोचतच नाही. वरून गोळा मऊ दिसतो, पण फोडला तर आत कोरडे बी निघते. दुसरी चूक म्हणजे तो गोड आणि गार सरबतात टाकला. साखरेच्या पाकात पाणी साखरेनेच धरून ठेवलेले असते, त्यामुळे बीला ते पुरेसे मिळत नाही. गार पाण्यात फुगण्याचा वेगही मंदावतो. फालुद्याचे घट्ट, थंड दूध आणि गुलाबाचा पाक यांतही तेच होते. म्हणून फालुदा करणारे जाणते लोक सब्जा आधी साध्या पाण्यात वेगळा भिजवून ठेवतात आणि ग्लास भरताना वरून चमच्याने घालतात.

घरासाठी प्रमाण सोपे आहे. एक लहान चमचा, म्हणजे चहाचा चमचा सब्जा प्रथम ताटात पसरून निवडून घ्यावा, कारण त्यात माती आणि काड्या असतात. मग एक कप साध्या, पिण्याच्या पाण्यात तो चिमटीने भुरभुरावा आणि लगेच ढवळावे. पाच मिनिटांनी पुन्हा ढवळावे. पंधरा ते वीस मिनिटांत दाणे चांगले फुगतात, पण आम्ही अर्धा तास थांबतो. झाला की नाही हे असे पाहावे : चमचाभर दाणे उजेडात धरले तर प्रत्येक ठिपक्याभोवती कवच दिसले पाहिजे, आणि बोटांत चोळले तर कोरडी खरखर न लागता दाणा निसटला पाहिजे. भांड्यात पाणी उरले नसेल आणि लगदा चमच्याला घट्ट धरून राहत असेल, तर बी अजून तहानलेले आहे. त्यात आणखी पाणी घालून थांबावे.

आता पन्नास ग्लासांचा हिशेब. दोनशे मिलिलिटरचा एक ग्लास धरला तर दहा लिटर सरबत लागते. दर ग्लासला अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम सब्जा पुरतो. एकूण १०० ग्रॅम झाला. तो तीन लिटर पाण्यात तासभर आधी भिजवावा. उरलेल्या सहा लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवून पंचवीस लिंबांचा रस आणि चवीपुरते मीठ घालावे, आणि शेवटी भिजलेला सब्जा मिसळावा. दाणे तळाशी बसतात म्हणून तोटीवर अवलंबून न राहता ओगराळ्याने ढवळून वाढावे. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा, मासे आणि माल थंड ठेवण्यासाठी विकला जाणारा नसावा. भिजवलेला सब्जा उन्हात दोन-तीन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. आंबूस वास किंवा फेस आला की टाकून द्यावा. फ्रीजमध्ये ठेवलेला दुसऱ्या दिवशी संपवावा.

कोरडा सब्जा तोंडात टाकून वर पाणी पिण्याची सवय काहींना असते. ती धोक्याची आहे. २०१४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका ३९ वर्षांच्या पुरुषाची हकिगत आपल्या परिषदेत मांडली. त्याला अन्न गिळताना अधूनमधून अडचण होत असे. त्याने एक मोठा चमचा कोरडा चिया गिळला आणि वर पाणी प्यायला. बी अन्ननलिकेतच फुगून बसले आणि दुर्बिणीच्या साहाय्याने ते पुढे ढकलावे लागले. ही घटना चियाची असली तरी सब्जाही तसाच, किंबहुना अधिक लवकर फुगतो. म्हणून अगदी लहान मुले, गिळायला त्रास होणारे वृद्ध आणि पक्षाघात झालेले रुग्ण यांना सब्जा देऊ नये. मोठ्या मुलांनाही बसवून, घोटाघोटाने द्यावा. आमच्या पिंपाजवळ ती मुले धावता धावता पीत होती, हे आम्हाला नंतर उमगले.

गॅस कशाने होतो?

सब्जाचे ते बुळबुळीत कवच म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला आपण चोथा म्हणतो. आपल्या पोटातील पाचकरस तो पचवू शकत नाहीत. तो मोठ्या आतड्यात जसाच्या तसा पोहोचतो आणि तेथील जंतू त्याचा काही भाग आंबवतात. त्यातून वायू तयार होतो. ही क्रिया रोगाची नाही. मात्र ज्याच्या जेवणात चोथा कमी असतो त्याने एकदम जास्त सब्जा घेतला तर पोट फुगते.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने वजन उतरेल म्हणून रोज सकाळी दोन मोठे चमचे सब्जा एका पेल्यात भिजवून घ्यायला सुरुवात केली. तीन दिवसांत पोट तट्ट फुगले आणि शौचालाही होईना. येथे दोन गोष्टी चुकल्या. मोठा चमचा लहान चमच्याच्या तिप्पट असतो, म्हणजे त्या एकदम सहा लहान चमचे घेत होत्या. आणि इतक्या बियांना एक पेला पाणी अगदी अपुरे होते, त्यामुळे त्या बियांनी आतड्यातले पाणी ओढले. त्यांनी चार दिवस सब्जा बंद ठेवला. मग अर्धा लहान चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, एक दिवसाआड घेऊ लागल्या आणि आठवड्यानंतर एक चमच्यावर आल्या. दिवसभर पाणीही वाढवले. त्रास राहिला नाही.

परंतु फालुदा खाऊन गॅस होणाऱ्याने लगेच सब्जाला दोष देऊ नये. फालुद्यात दूध आणि आइस्क्रीम असते, आणि दुधातील साखर न पचणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पारख सोपी आहे. तीन दिवस अर्धा चमचा भिजवलेला सब्जा नुसत्या पाण्यात घ्यावा. काही झाले नाही, आणि नंतर नुसते थंड दूध पिऊन पोट गुडगुडले, तर दोषी दूध आहे. उलट्या, तीव्र कळा किंवा वायूही न सरणे अशी लक्षणे असतील तर घरगुती पारख करत न बसता दवाखाना गाठावा. आतड्याला अडथळा असलेल्यांनी सब्जा घेऊच नये.

गरोदर भगिनींनी काय करावे?

त्या दोन्ही आजींच्या बोलण्यात थोडे थोडे खरे होते. या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलात काही तीव्र द्रव्ये असतात. ते तेल औषध म्हणून गरोदरपणात पोटात घेऊ नये. बीचा बुळबुळीत गर ही वेगळी वस्तू आहे. सब्जाने गर्भ पडतो असे माणसांवरील अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. तसेच, रोज चमचाभर सब्जा गरोदरपणात निर्धोक आहे असेही सिद्ध झालेले नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, कधीतरी सरबतात आलेला अर्धा चमचा नीट भिजलेला सब्जा प्यायला गेला तर घाबरून जाऊ नये, पण औषध म्हणून तो रोज सुरू करू नये. घ्यायचाच असेल तर तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यावा. अंगावरून जात असेल किंवा डॉक्टरांनी जपायला सांगितले असेल, तर टाळावाच.

याहून दोन व्यवहारी गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली गोळ्यांची. सरकारी दवाखान्यातून लोहाची गोळी मिळते. फुगलेला सब्जा गोळीसोबत पोटात गेला तर लोह नीट शोषले जात नाही असे होऊ शकते, आणि दुधाने तर लोहाचे शोषण निश्चित कमी होते. म्हणून गोळी आणि सब्जाचे सरबत किंवा फालुदा यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीलाही अंतर हवे, ते किती हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. दुसरी साखरेची. आमच्या पन्नास ग्लासांत एक किलो साखर होती, म्हणजे दर ग्लासला २० ग्रॅम, लहान चार चमचे. फालुद्यात पाक आणि आइस्क्रीममुळे याहून अधिक जाते. गरोदरपणात साखर वाढलेल्या भगिनीला सब्जापेक्षा भोवतीचा पाकच अधिक अपाय करील.

या दिवसांत बद्धकोष्ठतेसाठी सब्जा सुचवला जातो. पाणी कमी पिणाऱ्या बाईला त्याने उलट त्रास होईल, हे वर सांगितलेल्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

यंदा आम्ही सब्जा घरून भिजवून नेला आणि पिंपाशेजारी वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवला. ज्याला हवा त्याच्या ग्लासात एक ओगराळे घालायचे, नको त्याला साधे लिंबूपाणी. ज्या भगिनीला गेल्या वर्षी आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो, ती यंदा कडेवर बाळ घेऊन आली होती. तिने स्वतः सब्जा घातलेला ग्लास घेतला आणि बाळाने हात पुढे केला तेव्हा तो ग्लास दूर धरला.