गाशा गुंडाळण्याची किंमत

शिकागोमध्ये १९९७ साली एका आरोग्यविमा कंपनीच्या मुख्यालयाची ३३ मजली इमारत उभी राहिली. तिचा पाया आणि खांब मात्र ५७ मजल्यांचा भार पेलतील असे बांधले होते. पुढे लागणाऱ्या लिफ्टसाठी जागासुद्धा मोकळी सोडली होती. दहा वर्षं त्या जादा लोखंड-काँक्रीटने एक डॉलरही कमावला नाही. मग २००७ मध्ये वरचं काम सुरू झालं आणि २०१० पर्यंत आणखी २४ मजले चढले. खालच्या मजल्यांवरचं ऑफिस तेवढा काळ चालूच होतं.

१९९७ मध्ये त्या जादा पायाचा हिशेब नेहमीच्या पद्धतीने मांडला असता, तर तो निव्वळ खर्चाच्या रकान्यात गेला असता. नेहमीची पद्धत म्हणजे प्रकल्पातून येणाऱ्या पैशांचं आजचं मूल्य काढायचं, त्यातून गुंतवणूक वजा करायची आणि उरलेलं निव्वळ वर्तमान मूल्य धन की ऋण ते पाहायचं. या रीतीत एक गृहीत लपलेलं असतं. एकदा कारखाना सुरू केला की मालक शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसणार, असं ती धरून चालते. खरा मालक तसा बसत नाही. धंदा चालला तर वाढवतो, बसला तर विकून मोकळा होतो. ही जी मोकळीक हातात असते, तिला स्टुअर्ट मायर्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘रिअल ऑप्शन’ असं नाव दिलं. शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढण्याचं सूत्र ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. तोच विचार आता यंत्रं आणि जमिनींना लागू झाला.

आकड्यांत बघू. समजा, नाशिक जिल्ह्यात मक्याचे दाणे आणि वाटाणा गोठवून विकण्याचा कारखाना काढायचा आहे. खर्च १० कोटी ४० लाख. मोठा खरेदीदार मिळाला तर वर्षभरानंतर धंद्याची किंमत १६ कोटी २० लाख होईल, नाही मिळाला तर ६ कोटी २० लाख. दोन्हींची शक्यता निम्मी निम्मी, म्हणजे सरासरी ११ कोटी २० लाख. एवढी जोखीम घ्यायला गुंतवणूकदार १२ टक्के परतावा मागतो, म्हणून आजचं मूल्य बरोबर १० कोटी. खर्चापेक्षा ४० लाख कमी. बँकेचा अधिकारी फाइल बाजूला ठेवेल.

पण वर्षभरात चित्र वाईट दिसलं, तर जमीन, शीतगृह आणि अमोनियाचे कॉम्प्रेसर विकून ८ कोटी २० लाख येतील, असं धरा. मग ६ कोटी २० लाखांचा धंदा रडतखडत चालवण्यापेक्षा गाशा गुंडाळलेला बरा. त्यात २ कोटी जास्त सुटतात. या मोकळिकीची आजची किंमत काय?

पटकन सुचणारं उत्तर असं की २ कोटींची शक्यता निम्मी, म्हणजे १ कोटी. ते १२ टक्क्यांनी मागे आणले की ८९ लाख. हे उत्तर चुकीचं आहे. १२ टक्के ही धंद्याच्या जोखमीची किंमत आहे, आणि ही मोकळीक तर धंदा बुडतो तेव्हाच पैसे देते. ती विम्यासारखी आहे. धंद्याला लावलेला दर विम्याला लावून कसं चालेल?

योग्य वाट अशी. १० कोटी सुरक्षित ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाने १० कोटी ७० लाख होतात. आता १६ कोटी २० लाख आणि ६ कोटी २० लाख यांना असं वजन द्यायचं, की सरासरी नेमकी १० कोटी ७० लाख यावी. ते वजन येतं ४५ आणि ५५ टक्के. हे भाकीत नव्हे. शक्यता ५०-५०च आहे, पण जोखमीची किंमत या वजनातच मुरलेली असते. त्यामुळे पुढचं सगळं ७ टक्क्यांनीच मागे आणता येतं. २ कोटींचे ५५ टक्के म्हणजे १ कोटी १० लाख; आजच्या किमतीत सुमारे १ कोटी ३ लाख. मघाच्या उत्तरापेक्षा १४ लाख जास्त. ४० लाख तोट्यात दिसणारा प्रकल्प त्यामुळे ६३ लाख फायद्यात येतो.

विस्ताराचं गणित याच वजनांनी होतं, पण कल उलटा दिसतो. समजा, आत्ताच शेजारची जमीन घेतली, मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि दुसऱ्या लाइनचा पाया भरला, तर वर्षाने आणखी ५ कोटी घालून धंदा दीडपट करता येईल. वर्ष चांगलं गेलं तर ८ कोटी १० लाखांची भर पडेल, खर्च वजा जाता ३ कोटी १० लाख उरतील. वर्ष वाईट गेलं तर विस्तार करायचाच नाही. ३ कोटी १० लाखांचे ४५ टक्के ७ टक्क्यांनी मागे आणले की सुमारे १ कोटी ३० लाख होतात. ढोबळ पद्धतीने १ कोटी ३८ लाख आले असते. म्हणजे ढोबळ हिशेब बाहेर पडण्याची किंमत कमी दाखवतो आणि वाढण्याची फुगवतो. उत्साही प्रवर्तकाला नेमका असाच हिशेब आवडतो! जमीन, ट्रान्सफॉर्मर आणि पायाची ही तयारी ६० लाखांत होत असेल तर जरूर करावी. दीड कोटी लागत असतील तर नको.

हे गणित सरळ वाटतं, कारण एक वर्ष आणि दोनच वाटा धरल्या आहेत. प्रत्यक्षात वर्षं आणि फाटे वाढतात आणि मोकळिकी एकमेकींत अडकतात. मग त्यांच्या किमतींची नुसती बेरीज करता येत नाही. पण खरी ठेच लागते ती विक्रीच्या किमतीत. ८ कोटी २० लाखांऐवजी ७ कोटीच आले, तर मोकळिकीची किंमत ४१ लाखांवर उतरते आणि प्रकल्प जेमतेम काठावर येतो. आणि असं होणं अगदी शक्य आहे. मक्याचा बाजार पडल्यामुळे तुम्ही विकायला निघालात, तर शेजारचे कारखानेही त्याच आठवड्यात विकायला काढलेले असतात. त्या यंत्रांची किंमत जाणणारे गिऱ्हाईक तेच, आणि त्यांच्याच खिशात पैसे नाहीत. मक्यापुरतं बनवलेलं यंत्र मग भंगाराच्या भावात जातं. जमीन आणि शीतगृह तरतं, कारण ते द्राक्षवाल्यालाही चालतं.

मोकळीक असूनही माणसं ती वापरत नाहीत, हा दुसरा घोळ. कारखाना बंद करणं म्हणजे नाक कापून घेणं, असं मालकाला वाटतं. मात्र तोट्यात चिकटून राहणारा प्रत्येक जण हट्टी नसतो. मुंबईत जन्मलेले आणि तिथेच सेंट झेवियर्समध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की परत उभारायला मोठा खर्च असेल आणि भाव वरखाली होत असतील, तर थोडा तोटा सोसत थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं. बंद केलं की पुन्हा बरे दिवस येण्याची संधीही विकली जाते. भाव नुसता खर्चाखाली जाणं पुरेसं नाही, तो बराच खाली जावा लागतो. किती खाली, तो आकडा शांत डोक्याने आधीच लिहून ठेवावा.

प्रकल्प अहवालात ‘विस्ताराची संधी’ म्हणून मोठी रक्कम दिसली, तर ती संधी फक्त तुमचीच आहे का ते पाहा. शेजाऱ्यालाही तेवढीच सोपी असेल, तर नफा वाटला जाईल आणि किंमत उरणार नाही. आणि पुनर्विक्रीच्या रकान्यासमोर कोणाचं नाव आहे ते विचारा. खरेदीदाराने लेखी दिलेली किंमत आणि सल्लागाराने अंदाजाने टाकलेली किंमत, यांतली पहिलीच हिशेबात धरा.