डाव्या हाताची तीनशे वर्षे

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डवर किंवा कार्यक्रमपत्रिकेत तीन शब्द हटकून भेटतात: बरोक, क्लासिकल आणि रोमँटिक. ढोबळमानाने 1600 ते 1750 हा बरोक काळ, तिथून सुमारे 1820 पर्यंत क्लासिकल आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोमँटिक. पण सनावळी पाठ करून कानाला काहीच कळत नाही. नव्या श्रोत्याला मी एकच गोष्ट सुचवीन. पट्ट्यांच्या वाद्यासाठी लिहिलेली रचना घ्या, उजव्या हाताकडे थोडे दुर्लक्ष करा आणि डावा हात काय करतो आहे ते ऐका. काळ बदलला तसे त्या हाताचे काम बदलत गेले, आणि हा बदल इतका स्पष्ट आहे की घरच्या पेटीवरही तो पडताळून पाहता येतो.

सुरुवात 1600 च्या आसपास इटलीत होते. फ्लोरेन्समध्ये तेव्हा संगीतिका, म्हणजे ऑपेरा, आकाराला येत होती. एकट्या गायकाला शब्द मोकळेपणाने उच्चारता यावेत म्हणून साथ साधी ठेवायची होती. त्यासाठी संगीतकार दोनच ओळी लिहू लागले: वर गायकाची चाल आणि खाली खर्जाच्या स्वरांची एक अखंड ओळ. तिला ‘बासो कंटिन्युओ’ म्हणतात. चेलोसारखे वाद्य ती ओळ वाजवी. हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा डाव्या हाताने तीच ओळ धरी आणि उजव्या हाताने वरचे स्वर तिथल्या तिथे भरी. त्याला मदत म्हणून स्वरांखाली आकडे लिहिलेले असत. खालचा स्वर ग असेल आणि त्याखाली 6 लिहिलेले असेल, तर ग पासून सहावा स्वर मोजायचा: ग, म, प, ध, नि, सा. मधला प न लिहिताही गृहीत असे. म्हणजे ग, प, सा हे तीन स्वर एकत्र वाजवायचे. ते कोणत्या सप्तकात घ्यायचे, एकदम दाबायचे की एकेक करून उलगडायचे, हे वादकाने ठरवायचे. सगळे लिहूनच वाजवतात अशी पाश्चात्त्य संगीताची आपल्याकडे समजूत आहे. बरोक काळातली निम्मी साथ मात्र कागदावर नसायचीच.

अशा प्रकारे दीडशे वर्षे सगळी इमारत खर्जाच्या ओळीवर उभी राहिली, त्यामुळे डावा हात कधीच नुसता साथीदार राहिला नाही. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते योहान सेबास्टियन बाख यांच्या दोन आवाजांच्या ‘इन्व्हेन्शन’ मालिकेत. 1723 मध्ये त्यांनी या पंधरा छोट्या रचनांची स्वच्छ प्रत केली, आणि हेतू शिकवण्याचा होता: दोन स्वतंत्र ओळी नीट वाजवता याव्यात आणि हाताला गाता यावे.

पहिली इन्व्हेन्शन पांढरी एकमध्ये आहे. तिचे बीज आठ स्वरांचे: सा रे ग म रे ग सा प. उजवा हात हे वाजवतो तेव्हा डावा गप्प असतो. अर्ध्या बारनंतर (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) डावा हात नेमके हेच स्वर खालच्या सप्तकात म्हणतो. दुसऱ्या बारात तेच बीज पंचमापासून सुरू होते आणि डावा पुन्हा मागोमाग येतो. तिसऱ्या बारात बाख ते उलटे करतात. जिथे स्वर चढत होते तिथे ते उतरतात: ध प म ग प म ध. सातव्या बारात तर डावा हात पुढे होतो आणि उजवा त्याच्या मागे जातो. रचना अवघ्या बावीस बारांची, पण त्या आठ स्वरांशी नाते नसलेले तिच्यात फारसे काही सापडत नाही. बरोक संगीताचे दोन मोठे गुण इथे एकत्र दिसतात. एक, समान हक्काच्या ओळी एकमेकींत गुंफणे. दुसरा, एकदा धरलेली लय आणि एकदा धरलेला भाव शेवटपर्यंत न सोडणे.

यात वाद्याचाही हात आहे. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा तार छेडतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो. मोठा आवाज हवा असेल तर तारांचा आणखी एक संच जोडायचा किंवा दुसऱ्या पट्टीफळ्यावर जायचे. म्हणून या वाद्यावर आवाज हळूहळू फुलत नाही, तो एकदम बदलतो. एक स्वर जोर देऊन पुढे आणता येत नसला की सौंदर्य ओळींच्या गुंफणीतून काढावे लागते.

हे बंधन सुटण्याची सोय 1700 च्या सुमारास फ्लोरेन्समध्येच झाली. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी तार छेडण्याऐवजी तिच्यावर छोटा हातोडा आपटून लगेच मागे येईल अशी रचना केली. आता बोटाच्या जोराप्रमाणे स्वर मंद किंवा बुलंद होऊ लागला. त्यांचे 1720 चे वाद्य न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे. पण पियानो घरोघर रुजायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि तोवर श्रोत्यांची आवडही बदलली होती. लोकांना गुंफणीपेक्षा एक सुबक, लक्षात राहणारी चाल हवी होती.

मोझार्ट यांचा के. 545 हा सोनाटा ऐका. आपल्या रचनांच्या वहीत त्यांनी त्याची नोंद जून 1788 मध्ये केली आणि तो नवशिक्यांसाठी असल्याचे लिहिले. हाही पांढरी एकमधलाच. उजवा हात म्हणतो: सा, ग, प, मग खालचा नि, सा रे सा. दोन बारांत प्रश्न, पुढच्या दोन बारांत उत्तर. आणि डावा हात? सा प ग प, सा प ग प. पुढे रे प म प, पुन्हा सा प ग प. कॉर्डचे तीन स्वर एकदम न दाबता खालचा, वरचा, मधला, वरचा असे फिरवत ठेवायचे. या साथीला व्हेनिसच्या दोमेनिको आल्बेर्ती यांच्या नावावरून आल्बेर्ती बास म्हणतात. बाखचा डावा हात एकटा वाजवला तरी ती चालच असते. मोझार्टचा डावा हात एकटा ऐकला तर मिनिटभरात कंटाळा येईल. त्याने मुद्दाम मागे सरून वरच्या चालीला प्रकाशात ठेवले आहे.

मग रचना पुढे कशी सरकते? इथे क्लासिकल काळाचे खरे वैभव आहे, आणि एका षड्जावर पोसलेल्या आपल्या कानाला ते प्रथम विचित्र वाटू शकते: या संगीतात षड्जच प्रवास करतो. या सोनाट्यात बाराव्या बारला चाल थांबते आणि दुसरी चाल येते ती पांढरी पाचला षड्ज मानून. पहिला भाग तिथेच संपतो. मधल्या भागात षड्ज अस्थिर होतो. त्यानंतर एरवी पहिली चाल मूळ षड्जावर परतते, आणि या वेळी दुसरी चालही तिथेच येते. निघणे, भटकणे आणि परतणे या आराखड्याला सोनाटा फॉर्म म्हणतात. हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन यांच्या सिंफनींच्या पहिल्या भागांचा कणा बहुतेक वेळा हाच असतो. मात्र या ‘सोप्या’ सोनाट्यात मोझार्ट पहिली चाल घरी आणतच नाहीत. ती परतते पांढरी चारला, आणि मूळ षड्जाची भेट दुसऱ्या चालीपर्यंत लांबते. नियम श्रोत्याच्या कानात इतका मुरला होता म्हणूनच तो वाकवता आला. हे वळण ऐकू यायला लागले की क्लासिकल संगीत खऱ्या अर्थाने सुरू होते असे मला वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. कॉर्डचे स्वर सुटे वाजले म्हणजे क्लासिकल, असे समजू नये. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’मधले पहिले प्रेल्यूड सबंध सुट्या कॉर्डचेच आहे, पण त्याच्यावर वेगळी चाल नाही. दोन्ही हात मिळून एकच धागा विणतात. तसेच वाद्याच्या आवाजावरूनही काळ ठरवू नये, कारण आज बाख सर्रास आधुनिक पियानोवर वाजवतात.

रोमँटिक काळात पियानो मोठा आणि दणकट झाला. तारांचा प्रचंड ताण पेलायला लाकडी सांगाड्याला लोखंडाची जोड मिळाली आणि पट्ट्यांची संख्या वाढत गेली. मोझार्टच्या वाद्याला पाच सप्तके होती, शतकाच्या शेवटी ती सातांहून अधिक झाली. पण डाव्या हाताचे नशीब पालटले ते उजव्या पायाखालच्या पेडलमुळे. तो दाबला की तारांवरचे सगळे दमनक उचलले जातात आणि बोट निघून गेले तरी स्वर घुमत राहतो.

शोपँ यांचे 1832 मध्ये प्रसिद्ध झालेले नॉक्टर्न, ओपस 9 मधले दुसरे, आपल्या हिशेबाने काळी दोनमधले आहे. ताल तीन-तीनच्या चार गटांचा. प्रत्येक गटात डावा हात आधी खोल खर्जातला एक स्वर देतो, मग उडी मारून वर दोन कॉर्ड वाजवतो. हे अंतर एका पंजात मावणारे नाही. पेडल नसते तर खर्ज तुटला असता. पेडलमुळे तो खाली घुमत राहतो आणि वर कॉर्ड तरंगतात. त्यावर उजवा हात मंद्र पंचमावरून गंधारावर झेप घेऊन गाऊ लागतो. ही चाल पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी तिच्यावर नवे अलंकार चढतात. शोपँ यांच्या शिष्यांच्या आठवणींनुसार, डाव्या हाताने लय धरावी आणि उजव्याने तिच्यात मागेपुढे रेंगाळावे असे ते शिकवत. ठेक्यावर झुलणारा गायक ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि मग 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चोवीस प्रेल्यूडपैकी ई मायनरमधले चौथे प्रेल्यूड. ते लिहून पुरे करताना मायोर्का बेटावर त्यांच्याजवळ बाखची प्रेल्यूड्स आणि फ्यूग होती. इथे उजवा हात पहिले चार बार जवळजवळ फक्त पंचम आणि कोमल धैवत यांच्यात हलत राहतो. खाली डावा हात तीन स्वरांचे कॉर्ड समलयीत ठोकतो. प्रत्येक नव्या कॉर्डमध्ये बहुधा एखाददुसराच स्वर अर्ध्या स्वराने खाली घसरतो. आधीचा कॉर्ड सुटायला हवा तिथे तो सुटत नाही, पुढच्या अनिश्चित कॉर्डमध्ये विरघळतो, आणि मूळ षड्ज टप्प्यात येऊनही लांब राहतो. उजवा हात वेगळा वाजवून पाहा, दोन स्वरांचा उसासा तेवढा हाती लागेल. डावा एकटा वाजवा, रचना जवळपास सगळीच तिथे आहे.