तेरा महिने की साडेसात? : पैसे लावणाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत संपादकांनी गाठलं आणि म्हणाले, "ते तुमचं जानेवारीचं पत्र फार गाजलं म्हणे. त्यावर लिहा की आमच्यासाठी." गाजलं वगैरे काही नाही हो. चौदा घरांना गेलेलं पत्र ते, गाजणार तरी किती? पण आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलं हल्ली नोकरी सोडून काहीतरी सुरू करतात आणि पहिले पैसे काका-मावश्यांकडून घेतात. ती मुलं आणि त्या काका-मावश्या, दोघांनाही उपयोग होईल म्हणून लिहिते.

आमचा धंदा फ्रोझन पुरणपोळी आणि थालीपिठाचा. न्यू जर्सीत दुसऱ्यांचा माल करून देणारा एक कारखाना आहे, अशांना इथे को-पॅकर म्हणतात. कृती आमची, मशिनं त्यांची. २०२१ मध्ये चौदा कुटुंबांनी प्रत्येकी १५ हजार डॉलर दिले, एकूण २ लाख १० हजार. आमच्या घरचे ६० हजार वेगळे. दर नव्या वर्षाला या चौदा घरांना पत्र लिहायचं असं मी तेव्हाच कबूल केलं होतं. पहिली दोन पत्रं सोपी गेली. तिसरं २०२३ सालाचं, आणि ते वर्ष वाईट होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पहिला खर्डा केला. सुरुवातच अशी, की विक्री १ लाख ६१ हजारांवरून १ लाख ८४ हजारांवर गेली, म्हणजे १४ टक्के वाढ. पुढे, हातात तेरा महिन्यांचा पैसा आहे. मग एक वाक्य, "यंदा लेबलिंगमध्ये काही सुधारणा केल्या." आणि शेवटी सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. नवऱ्याला वाचायला दिला. त्याने वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तू त्यांना लिहिलंयस की स्वतःला?" मला राग आला. पण एकही आकडा खोटा नसताना पत्र मात्र खोटं होतं, हे मलाही कळत होतं.

तेरा महिने कुठून आले ते सांगते, कारण ही चूक फार जण करतात. ३१ डिसेंबरला बँकेत ६१,४०० डॉलर होते. वितरकांकडून २२,००० यायचे होते. दोन्हींची बेरीज ८३,४००. महिन्याची तूट ६,४००. भागाकार केला की तेरा. गणित बरोबर, पण त्या २२ हजारांना हिशोबात जागाच नाही. आमचे वितरक दोन महिन्यांनी पैसे देतात. जानेवारीत जे येतं ते नोव्हेंबरच्या मालाचं, आणि जानेवारीत विकलेल्या मालाचं येणार मार्चमध्ये. धंदा चालू आहे तोवर तेवढी रक्कम नेहमीच बाहेर अडकलेली राहणार. आणि ६,४०० ची तूट काढताना विक्रीचं उत्पन्न मी आधीच धरलं होतं. म्हणजे एकच पैसा दोनदा मोजला.

दुसरी बाजू त्याहून बोचरी. कारखान्याचे १३,४०० देणं बाकी होतं. एरवी तेही असंच पुढे सरकत राहिलं असतं. पण उन्हाळ्यातल्या प्रकारानंतर (तो पुढे सांगते) त्यांनी कळवलं होतं की नव्या वर्षापासून उधारी बंद, मागची बाकी फेडा आणि माल उचलतानाच पैसे द्या. म्हणजे ६१,४०० मधून ते वजाच. उरले ४८,०००. भागिले ६,४००, साडेसात महिने. ऑगस्टच्या मध्यापर्यंत.

तेरा आणि साडेसात यांतला फरक नुसता आकड्यांचा नाही. तेरा महिने म्हटलं की वाचणारा "छान" म्हणून पत्र बाजूला ठेवतो. साडेसात म्हटलं की फोन उचलतो, आणि मदत करायची असेल तर ती तेव्हाच उपयोगी पडते.

आता ही ६,४०० ची तूट तरी का? विक्री तर वाढली होती ना? पाकिटागणिक हिशोब मांडला तेव्हा मलाच ते नीट दिसलं. वितरकाला आम्ही पाकीट सरासरी ४.२० डॉलरला देतो. पीठ, डाळ, गूळ, तूप, कारखान्याची मजुरी आणि पाकीट मिळून २.३५ जातात. शीतगृह आणि रेफ्रिजरेटेड ट्रकचे ६५ सेंट. राहिले १.२०. इथवर ठीक. पण दुकानदार नवा माल ठेवताना पहिली पेटी फुकट मागतो, सणाला "एकावर एक" लावतो, आणि फ्रीजरमध्ये वितळून पुन्हा गोठलेली पाकिटं परत करतो. पुरणपोळीचं हे लगेच ओळखता येतं. पाकिटात आतून बर्फाचे बारीक कण दिसतात, पोळ्या एकमेकींना चिकटतात आणि कडेला तडे जातात. या सगळ्याचे पाकिटामागे ४५ सेंट. हातात ७५ सेंट. महिन्याला साधारण ३,६५० पाकिटं, म्हणजे २,७०० च्या आसपास. आणि पगार, विमा, शीतगृहाचं किमान भाडं, अकाउंटंट असा ठरलेला खर्च ९,१०० चा. ती १४ टक्के वाढ बहुतेक नव्या दुकानांत पहिल्या फुकट पेट्या ठेवून विकत घेतलेली होती. हे वाक्य मी दुसऱ्या खर्ड्यात जसंच्या तसं घातलं.

आता उन्हाळ्यातला प्रकार. आमच्या थालीपिठात तीळ असतात. अमेरिकेत ॲलर्जीच्या पदार्थांच्या यादीत तीळ नववे म्हणून आले. कायदा २०२१ चा, अंमल १ जानेवारी २०२३ पासून. त्या तारखेनंतर बाजारात जाणाऱ्या पाकिटावर तिळाचं इंग्रजी नाव स्पष्ट हवं. आमच्या लेबलवर घटकांत इंग्रजी लिपीत "तिल" छापलेलं. आपल्याला कळतं, पण ज्या आईच्या मुलाला तिळाने श्वास लागतो आणि जिला हिंदी-मराठी येत नाही, तिला कसं कळणार? लेबल छापणाऱ्याने २०२२ च्या शरद ऋतूतच मला कळवलं होतं. जुन्या रोलवर ३२० डॉलरची लेबलं शिल्लक होती. मी म्हटलं, संपेपर्यंत वापरू. नंतर विसरले. जूनमध्ये एका दुकानाच्या नेहमीच्या तपासणीत ते पकडलं गेलं.

मग रिकॉल. एफडीएला कळवायचं, जाहीर सूचना काढायची, प्रत्येक वितरकाला फोन, प्रत्येक दुकानातून माल परत, परत आलेलं मोजायचं आणि नष्ट करायचं. जुन्या लेबलचा माल २,९०० पाकिटं, परत आली १,७४०. बाकीची खाल्ली गेली होती. कुणाला त्रास झाल्याचं कळलं नाही, ते नशीब. खर्च १८,७००. त्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट होती. पेट्यांवर लॉट नंबर होते, पण कुठला लॉट कुठल्या दुकानात गेला याची नोंद वितरकाकडे नव्हती आणि आम्ही कधी मागितली नव्हती. त्यामुळे नव्या लेबलची थालीपिठंही उचलावी लागली. आता बिलावर लॉट नंबर लिहिल्याशिवाय पेटी हलत नाही.

पत्रात मी हे सगळं लिहिलं, ३२० डॉलरच्या लेबलांसकट. ते लिहिताना कान तापले होते.

या पैशांचं स्वरूपही पुन्हा सांगायला हवं असं वाटलं, कारण मंडळात कुणीतरी "व्याज किती देतात?" असं विचारल्याचं कानावर आलं होतं. आमच्या कागदाला सेफ म्हणतात. वाय कॉम्बिनेटरने तो २०१३ मध्ये काढला आणि २०१८ मध्ये बदलला. आमचा बदललेला. ते कर्ज नाही. व्याज नाही, परतीची तारीख नाही. पुढे कुणी मोठा गुंतवणूकदार किंमत ठरवून शेअर घेईल तेव्हा या पैशांचे शेअर होतील. आमची कमाल किंमत १५ लाख धरली आहे, म्हणून १५ हजारांचा त्या वेळचा वाटा निदान एक टक्का, आणि नवे शेअर निघाले की तो थोडा कमी. तो दिवस उजाडलाच नाही आणि दुकान बंद झालं, तर आधी सगळी देणी, मग उरलं तर यांचं. मी सरळ लिहिलं की आज बंद केलं तर तुमच्या डॉलरमागे काही सेंट मिळतील.

आणि हेही लिहिलं, की बँकेत १५ हजार उरले की मी थांबेन. तेवढे कामगार, कारखाना आणि शीतगृह यांची बिलं चुकवून नीट बंद करायला लागतात. तोवर माझा पगार बंद, फुकट पेट्या बंद, आणि जी दुकानं परतीचा माल जास्त पाठवतात ती सोडून द्यायची. ३१ मार्चला ७५ सेंटचे किती झाले ते सगळ्यांना कळवीन.

आभार मात्र या वेळी घाऊक मानले नाहीत. रिकॉलच्या आठवड्यात कुणी स्वतःच्या व्हॅनने कनेटिकटची दुकानं फिरलं, कुणी रात्री बसून पाकिटं मोजली, ते नावानिशी लिहिलं. आणि एका काकांचं. २०२१ मध्ये त्यांनाही पैसे लावायचे होते. पण आमच्या वकिलाने फक्त कायद्याच्या व्याख्येत बसणारे गुंतवणूकदार घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यासाठी उत्पन्न तरी मोठं हवं, नाहीतर दहा लाखांची मालमत्ता, आणि त्यात राहतं घर धरत नाहीत. काकांचं जे काही होतं ते घरच होतं. नाही म्हणावं लागलं. त्यांनी काही न बोलता गॅरेजमधला मोठा फ्रीजर आम्हाला नमुने ठेवायला दिला, तो अजून तिथेच आहे. पत्र त्यांनाही पाठवलं.

उत्तरं आली. बहुतेकांनी "कळवलंस ते बरं केलंस" एवढंच लिहिलं. एक ताई मालवाहतुकीत काम करतात. त्यांनी फोन करून सांगितलं की अर्धे रिकामे ट्रक पाठवू नकोस, दुसऱ्याच्या पॅलेटबरोबर जागा घे. त्याने पाकिटामागे ११ सेंट वाचले. मार्चअखेर ७५ चे ९८ सेंट झाले होते.

एका दादांनी पैसे परत मागितले. मुलीचं कॉलेज सुरू होणार होतं. देता येत नव्हते. तसा हक्क कागदात नाही, आणि एकाला दिले तर बाकी तेरांवर तो अन्याय. हे मी पत्राने न कळवता त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. वहिनींनी चहा केला, कुणी तो प्यायलं नाही. त्या वर्षी गणपतीला ते दुसऱ्या पंगतीत बसले.

त्यानंतरचं पत्र २ जानेवारी २०२५ ला गेलं. तूट आहे, पण दोन हजारांच्या आत आली आहे, हे त्यात पहिल्याच ओळीत होतं. दादांचं उत्तर संध्याकाळीच आलं. पैशांबद्दल एक शब्द नव्हता. एडिसनच्या दुकानात आमच्या फ्रीजरचं दार नीट लागत नाही, तेवढं बघ, असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. दाराचं रबर फाटलं होतं.